उडी, सावली आणि हरवलेला तिसरा आकडा

प्रश्न: सुपर निन्टेंडोवरचे मारिओसारखे गेम आणि १९९६ नंतर प्लेस्टेशन किंवा निन्टेंडो ६४ वर आलेले गेम खेळायला अगदी वेगळे लागतात. फरक फक्त चित्रांचा असेल, तर लेव्हल, कंट्रोल, शत्रू असं सगळंच का बदललं? सपाट स्प्राइट जाऊन पॉलिगॉन आल्याने नेमकं काय झालं?

उत्तर:

एका वाक्यात सांगायचं तर खेळणाऱ्याला अंतर दिसेनासं झालं. बाकीचे बहुतेक बदल त्यातून निघाले. हे उडीच्या उदाहरणावर सर्वांत स्पष्ट दिसतं, म्हणून इथे उडीच धरून चालू.

सुपर निन्टेंडोचा पडदा साधारणपणे २५६ बाय २२४ पिक्सेलचा असे. पार्श्वभूमी ८ बाय ८ पिक्सेलच्या टाइलांची, आणि 'सुपर मारिओ वर्ल्ड'सारख्या गेममधला एक ठोकळा १६ बाय १६ चा. म्हणजे पडद्याच्या रुंदीत बरोबर १६ ठोकळे मावतात. मारिओ कुठे आहे हे गेमच्या मेमरीत दोन आकड्यांत लिहिलेलं असतं. त्यातून स्क्रोल किती झालं ते वजा केलं, की पडद्यावरची जागा मिळते. मधे दुसरं कुठलंही गणित नाही. त्यामुळे चार ठोकळ्यांची दरी डोळ्यालाही चार ठोकळ्यांचीच दिसते, ती लेव्हलच्या सुरुवातीला असो की शेवटी. डिझायनर दरी ठोकळ्यांत मोजून ठेवतो, खेळणाराही नकळत ठोकळ्यांतच मोजतो. दोघांच्या हातात एकच फूटपट्टी असते.

पॉलिगॉनच्या, म्हणजे त्रिकोणासारखे सपाट तुकडे जोडून बांधलेल्या, जगात वस्तूच्या जागेला तीन आकडे लागतात, पण टीव्हीचा पडदा दोनच दाखवतो. तिसरा आकडा, म्हणजे कॅमेऱ्यापासूनची खोली, भागाकारात खर्च होतो. इथे sx, sy म्हणजे पडद्यावरची जागा, x, y, z म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबाने वस्तूची जागा, त्यात z ही खोली, आणि f हा ठरलेला आकडा:

```
sx = f * x / z
sy = f * y / z
```

कॅमेऱ्यापासून १००० एककांवर असलेला ५०० एकक रुंदीचा कठडा आणि २००० एककांवरचा १००० एकक रुंदीचा कठडा पडद्यावर तंतोतंत एकाच मापाचे दिसतात. पहिल्यावर उडी पोचेल, दुसऱ्यावर नाही. चित्र मात्र एकच. खऱ्या जगात दोन डोळे, डोक्याची हालचाल, हवेतला धूसरपणा असे अनेक आधार असतात. १९९६ च्या टीव्हीवर त्यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. तेव्हा ज्या कृतीवर प्लॅटफॉर्म गेम उभे होते, तीच कृती खेळणाऱ्याला अंदाजाने करावी लागू लागली. उडी चुकली की दोष आपल्या बोटाचा की डोळ्याचा, हे त्याला कळत नाही, आणि गेम अन्यायी वाटायला लागतो. त्या काळातले फसलेले त्रिमितीय प्लॅटफॉर्म गेम आज खेळून पाहिले, तर त्रास बहुतेक वेळा इथेच सापडतो: कठडे हवेत सुटे तरंगताहेत, खाली जमीन नाही, आणि ते किती लांब आहेत हे सांगणारी एकही खूण नाही.

मग ही अडचण अंगावर घेतलीच का? कारण दुसऱ्या बाजूला फायदा प्रचंड होता, आणि तो मेमरीच्या हिशेबात होता. स्प्राइट म्हणजे पडद्यावर हलवायचं तयार सपाट चित्र. ३२ बाय ३२ चं १६ रंगांचं एक स्प्राइट ५१२ बाइट घेतं. बाजूने दिसणाऱ्या गेममध्ये एकच दिशा काढायची, उलटी दिशा हार्डवेअर फिरवून देतं. पण पात्राला आठ दिशांना वळायचं असेल आणि दर दिशेला चालण्याच्या आठ फ्रेम लागत असतील, तर ६४ चित्रं होतात, म्हणजे ३२ किलोबाइट. सुपर निन्टेंडोची सगळी व्हिडिओ मेमरी ६४ किलोबाइट. निव्वळ चालण्यात निम्मी गेली. उडी, पोहणं, मार खाणं अजून बाकीच. व्यवहारात फ्रेम कार्ट्रिजमधून लागेल तशा आणल्या जात, पण चित्रकाराला त्या काढाव्या लागतच.

मॉडेल एकदाच साठवायचं. त्यानंतर हालचाल म्हणजे फक्त सांध्यांचे कोन. २० सांधे, प्रत्येकी तीन कोन, प्रत्येक कोनाला दोन बाइट: एका फ्रेमला १२० बाइट. आणि तीच हालचाल कुठल्याही बाजूने, कितीही लांबून पाहता येते. पात्र ४५ अंशांनाच नव्हे, तर ३७ अंशांनाही वळू शकतं. निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरवर ॲनालॉग स्टिक मधोमध आली त्यामागचं तर्कशास्त्र इथे आहे. आठ दिशांची चित्रं असलेल्या पात्राला स्टिकची बारीक दिशा देऊन उपयोग नसतो, ती दाखवायलाच चित्र नसतं. खर्च मात्र जागा बदलून बसला. पूर्वी हालचाल वाढवली की मेमरी संपायची, आता दर फ्रेमला किती त्रिकोण काढता येतात यावर सगळं अडू लागलं.

'सुपर मारिओ ६४' (१९९६) ने उडीचं काय केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मारिओची सावली. ती गोल आहे, आणि उजेड कुठूनही येवो, ती नेहमी मारिओच्या बरोबर खाली पडते. मारिओ जितका उंच, तितकी ती लहान आणि फिकी होते. प्रकाशाच्या नियमांनुसार हे चूक, पण तिचं काम प्रकाश दाखवण्याचं नाहीच. भागाकारात गेलेला तिसरा आकडा ती परत देते: आत्ता सरळ खाली पडलो तर नेमका कुठे पडेन. सराव असलेला खेळाडू उडीच्या मध्यावर मारिओकडे पाहतच नाही, सावलीकडे पाहतो. याआधी १९९५ मध्ये प्लेस्टेशनवरच्या 'जंपिंग फ्लॅश!' ने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला होता. तिथे दृश्य पात्राच्या डोळ्यांतून दिसतं, म्हणून हवेत दुसरी उडी मारली की कॅमेरा आपोआप खाली झुकतो आणि स्वतःची सावली दिसते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या कन्सोलवर, वेगळ्या प्रकारच्या गेममध्ये उपाय एकाच जागी येऊन थांबला, म्हणजे अडचण खरी होती.

सावली पुरेशी नव्हती, म्हणून चुकीला जागाही ठेवली. मारिओ उभा असताना साध्या उडीचा सुरुवातीचा वेग फ्रेमला ४२ एकक असतो आणि दर फ्रेमला त्यातून ४ एकक कमी होतात. म्हणजे तो साधारण २४० एकक वर जातो, त्याच्या स्वतःच्या उंचीच्या दीडपट. धावताना वेगाचा चौथा हिस्सा उडीत मिळवला जातो, म्हणून ती आणखी उंच जाते. पण कठड्याला थोडक्यात हुकलं, तरी तो कड पकडून लोंबकळतो. भिंतीवर आदळला, तर त्या क्षणी बटण दाबून उलट्या दिशेला उसळता येतं. पूर्वी उडीचा निकाल दोनच प्रकारचा होता, पोचली किंवा पडलो. आता मधली अवस्था आली, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी खेळ चालू राहतो. माझ्या मते या गेमची नक्कल करणाऱ्या अनेकांनी सावली उचलली आणि हा भाग सोडला, तिथेच ते कच्चे राहिले.

शत्रूंचंही तसंच. सपाट गेममध्ये शत्रूच्या डोक्यावर पडायला एकच अक्ष जुळवावा लागतो, इथे दोन. म्हणून 'मारिओ ६४' मधला गूम्बा जवळ आल्यावर स्वतःच मारिओच्या रोखाने धावत येतो. रांगेत येण्याचं काम खेळणाऱ्याकडून काढून शत्रूवर टाकलं आहे. शिवाय ठोसा दिला. ठोशाबरोबर मारिओ थोडा पुढेही सरकतो, म्हणजे अंतर जरासं कमी पडलं तरी भरून निघतं. धडक मोजण्यासाठी शत्रूभोवती एक उभा दंडगोल धरलेला असतो, त्यामुळे कुठल्याही बाजूने गेलं तरी निकाल सारखाच लागतो.

लेव्हलचा आकार यानंतर येतो. सपाट गेममध्ये 'पुढे' म्हणजे उजवीकडे, ही सूचना फुकट मिळत असे. मैदान सगळीकडे उघडं झालं की ती जाते. म्हणून पहिल्याच कोर्समध्ये, बॉब-ऑम्ब बॅटलफिल्डमध्ये, मधोमध डोंगर आहे. तो जवळजवळ कुठूनही दिसतो, त्याला वळसे घालत वाट वर जाते आणि शिखरावर मुख्य प्रतिस्पर्धी उभा आहे. डोंगराचा आणखी एक उपयोग असा, की चढणारा मारिओ बाहेरच्या अंगाला असतो आणि कॅमेरा त्याच्याही बाहेर. मधे भिंत येत नाही. असं एक मैदान बांधायला फार श्रम लागतात, पण ते अनेक दिशांनी वापरता येतं. म्हणून एका कोर्समध्ये मिळवायचे सात तारे ठेवले, कोर्स केवळ १५, आणि किल्ल्यातले १५ गुप्त तारे धरून एकूण १२०. 'सुपर मारिओ वर्ल्ड' मध्ये लहान लहान लेव्हल्सना मिळून ९६ बाहेर पडण्याच्या वाटा होत्या. रेघेसारख्या अनेक लेव्हल्सऐवजी थोडी मैदानं पुन्हा पुन्हा, वेगळ्या हेतूने खेळायची ही रचना इथून रुजली.

कॅमेरा ही तर स्वतंत्र डोकेदुखी. स्टिक 'वर' ढकलली की पात्राने कुठे जायचं? 'मारिओ ६४' चं उत्तर: कॅमेरा ज्या दिशेला पाहतो तिकडे. म्हणजे पात्राची दिशा ही स्टिकचा कोन अधिक कॅमेऱ्याचा कोन. मोकळ्या जागी हे सहज वाटतं. पण अरुंद फळीवर चालताना कॅमेरा आपणहून वळला, तर अंगठा जागचा न हलताही मारिओची दिशा बदलते आणि तो कडेवरून खाली जातो. असं पडणं ओळखायला सोपं: पात्र वळणाच्या कमानीत घसरत गेलेलं दिसतं, सरळ रेषेत चुकलेलं नसतं. त्या वर्षीच्या 'रेसिडेंट ईव्हिल' मध्ये कॅमेरे ठरलेल्या जागी बसवलेले होते आणि दृश्य एकदम बदलायचं. कॅमेऱ्यावर आधारलेली दिशा तिथे चाललीच नसती. दर बदलाला पात्र उलटं फिरलं असतं. म्हणून तिथे 'वर' म्हणजे पात्राच्या तोंडासमोर, आणि डावं-उजवं म्हणजे जागच्या जागी वळणं. हे कंट्रोल अनेकांना जड वाटतात, पण ते त्या कॅमेऱ्याच्या जोडीने आलेले आहेत. एक बदलून दुसरं तसंच ठेवता येत नाही.

आता याच्या उलट टोकाचं उत्तर. 'टूम रेडर' (१९९६, कोअर डिझाइन) ने ठोकळ्यांची जाळी सोडलीच नाही, ती त्रिमितीत नेली. पॉलिगॉनच्या त्या गुहा नैसर्गिक भासतात, पण खाली सगळं जग १०२४ एककांच्या चौरसांचं आहे. प्रत्येक चौरसाला जमिनीची आणि छताची उंची, तीही २५६ एककांच्या पायऱ्यांत. गेमची नायिका लारा सुमारे ७६२ एकक उंच, म्हणजे पाऊण चौरस. आणि तिच्या हालचाली या जाळीला जुळवून बेतलेल्या आहेत. जागेवरून मारलेली उडी एका चौरसाची दरी ओलांडते. धावत मारलेली दोन चौरसांची. आणि त्याच उडीत पकडण्याचं बटण दाबून ठेवलं, तर तीन चौरसांपलीकडची कड हाताला लागते.

तीन चौरसांची दरी प्रत्यक्षात अशी पार करायची. चालण्याचं बटण धरून कडेपर्यंत जायचं. चालताना लारा कडेवरून पडत नाही, टोकाला आपोआप थांबते. मग दरीकडे तोंड ठेवूनच मागचं बटण एकदा दाबायचं, ती एक उडी मागे घेते. हे अंतर धावत्या उडीला लागणाऱ्या धावेइतकंच ठेवलेलं आहे. आता पुढे धावायला सुरुवात करून लगेच उडीचं बटण दाबून ठेवायचं. ती पुरेशी पावलं टाकेपर्यंत गेम थांबतो आणि ऐन कडेवर उडी मारतो. हवेत असतानाच पकडण्याचं बटण दाबायचं. इथे दोनच चुका संभवतात. मागे उडी न घेता धावलं तर धाव पूर्ण होत नाही आणि ती सरळ खाली जाते. पकडण्याचं बटण उशिरा दाबलं तर हात कडेपाशी येऊनही निसटतात. दोन्ही चुका खेळणाऱ्याला समजतात, हे महत्त्वाचं. डोळ्याने अंतर मोजण्याची गरजच काढून टाकली. चौरस मोजा आणि योग्य उडी निवडा. त्यामुळे गेम चपळाईपेक्षा वाट शोधण्याकडे झुकला, आणि गुहेतला तो शांत, विचार करायला लावणारा वेग आला.

या जाळीमागे हार्डवेअरचंही कारण आहे. प्लेस्टेशनचा प्रोसेसर सुमारे ३३.९ मेगाहर्ट्झचा, दशांश गणिताचं वेगळं एकक नसलेला. पाय जमिनीला लागला का हे हजारो त्रिकोणांशी ताडून पाहणं महाग पडतं. चौरसांची जाळी असेल तर लाराच्या जागेला १०२४ ने भागायचं, चौरस मिळतो, त्याची उंची वाचायची, काम झालं. 'मारिओ ६४' त्रिकोणांशीच ताडतो, पण तिथेही नकाशाचे १०२४ एककांचे कप्पे पाडून फक्त त्या कप्प्यातले त्रिकोण तपासले जातात, आणि प्रत्येक त्रिकोण फरशी, भिंत की छत हे त्याच्या कलावरून आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

प्लेस्टेशनच्या आणखी दोन उणिवांनी डिझाइनला वळण दिलं. पहिली, त्यात पिक्सेलनिहाय खोली तपासणारा झेड-बफर नव्हता. कुठला त्रिकोण आधी काढायचा आणि कुठला त्यावर, हे गेमने यादी लावून ठरवायचं. सहसा त्रिकोणाच्या कोपऱ्यांच्या सरासरी खोलीवरून ही यादी लागे. फरशीचा त्रिकोण लांबलचक असेल, तर त्याची सरासरी फसवी निघते आणि पात्राचा पाय फरशीत गायब होतो किंवा लुकलुकतो. दुसरी, टेक्श्चर, म्हणजे त्रिकोणावर चिकटवायचं चित्र, लावताना खोलीचा हिशेब होत नसे. कॅमेऱ्याजवळच्या मोठ्या फरशीवरच्या सरळ रेघा म्हणूनच नागमोडी दिसतात. दोन्हींवर उपाय एकच, जवळचे पृष्ठभाग लहान तुकड्यांत फोडायचे. पण तुकडे वाढले की त्रिकोणांचं बजेट संपतं. कागदावर प्लेस्टेशनची क्षमता टेक्श्चर आणि प्रकाशासह सेकंदाला १,८०,००० पॉलिगॉनची, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दर फ्रेमला ६,०००, आणि प्रत्यक्षात हातात त्याहून कमीच येत. मोठी मोकळी मैदानं या यंत्रावर कमी आणि बोळ, खोल्या, धुकं जास्त दिसतं ते यामुळे.

नॉटी डॉगच्या 'क्रॅश बँडिकूट' ने (१९९६) ही मर्यादाच डिझाइन म्हणून स्वीकारली. कॅमेरा रुळावरून चालल्यासारखा ठरलेल्या वाटेने जातो. मग कुठल्या जागेवरून कुठला त्रिकोण पुढे आणि कुठला मागे, हे आधीच मोठ्या संगणकांवर काढून डिस्कवर ठेवता येतं आणि खेळताना तो वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात क्रॅशला ५१२ पॉलिगॉन देता आले. त्याचं अंग बहुतांशी टेक्श्चरऐवजी नुसत्या रंगाने भरलेलं आहे, कारण पडद्यावर त्याचा एकेक पॉलिगॉन काही पिक्सेलांचाच असतो, त्यावर चित्र लावून दिसणार काय. याची किंमत म्हणजे बोळ. खेळणारा आत जातो, बाहेर येतो किंवा आडवा जातो, मनाला येईल तिकडे जात नाही. पण त्यामुळे 'पुढे' म्हणजे काय हा प्रश्न परत मिटला आणि डी-पॅड पुरला. दगड मागे लागतो त्या लेव्हलमध्ये मात्र क्रॅश आपल्याकडे धावत येतो, समोरचे खड्डे शेवटच्या क्षणी दिसतात, आणि खोलीचा अंदाज न येणं हीच तिथली परीक्षा आहे.

उडीचा प्रश्न असा दोन-तीन वर्षांत आटोक्यात आला, लढाईचा थोडा उशिरा. तलवार किती लांब पोचते हे कळायलाही तोच हरवलेला आकडा लागतो. 'ऑकारिना ऑफ टाइम' (१९९८) ने झेड बटणाने शत्रूवर नजर बांधण्याची सोय दिली. बटण दाबताच कॅमेरा नायक लिंक आणि शत्रू दोघांना चौकटीत धरतो, आणि स्टिकचा अर्थ बदलतो: वर म्हणजे शत्रूकडे, बाजूला म्हणजे त्याच्याभोवती. थोडक्यात, लढाईपुरती पुन्हा एक सपाट रेघ तयार होते आणि तिच्यावर अंतर वाचता येतं.

सगळ्याच प्रकारांना हे सोसावं लागलं नाही. 'टेक्केन' सारख्या गेममध्ये मॉडेल पॉलिगॉनची, पण दोन खेळाडू समोरासमोर आणि कॅमेरा कायम बाजूला, म्हणून अंतराचं वाचन पूर्वीसारखंच राहिलं. १९९७ च्या 'क्लोनोआ' मध्ये जग पॉलिगॉनचं, पात्रं स्प्राइटची, आणि वाट वळणावळणाची असली तरी पात्राला तिच्यावर फक्त पुढे किंवा मागे जाता येतं. तिथे उडी मारून पाहा: कॅमेरा डोंगराभोवती फिरत असतानाही दरी किती रुंद आहे याचा अंदाज एकदाही चुकत नाही, कारण त्या गेमच्या नियमांत तिसरा आकडा खेळणाऱ्याच्या हाती दिलेलाच नाही.